सिरीज आरएलसी: करंट शून्य येतो, किंवा सीआरओवरचं शिखर गणिताशी जुळत नाही

दांडिया बाजारात आमच्या घरी संध्याकाळी डिप्लोमा आणि डिग्रीची मुलं नेटवर्क थिअरी विचारायला येतात. काही कलाभवनातली असतात, काही बडोद्याच्या आसपासच्या पॉलिटेक्निकमधली. सिरीज आरएलसीच्या ट्रान्झिएंटबद्दल दर सत्रात त्याच दोन तक्रारी येतात. पहिली कागदावरची: समीकरण बरोबर मांडलं, मुळं बरोबर काढली आणि शेवटी दोन्ही स्थिरांक शून्य आले. दुसरी लॅबमधली: उत्तर पुस्तकाशी जुळतं, पण सीआरओवर कपॅसिटरच्या व्होल्टेजचं शिखर भलत्याच उंचीवर दिसतं. वरवर पाहता या दोन तक्रारींचा एकमेकींशी संबंध नाही. पण दोन्हींमध्ये सगळ्यात आधी तपासायची जागा एकच आहे, स्विच बंद होऊन सर्किट पूर्ण झाल्यानंतरचा पहिला क्षण, म्हणजे t = 0+.

सगळीकडे एकच सर्किट घेऊ, म्हणजे आकडे डोक्यात राहतील. ५ व्होल्टचा सोर्स, १०० ओहमचा रेझिस्टर, १० मिलिहेन्रीची कॉइल आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, सगळे सिरीजमध्ये. कपॅसिटर रिकामा आहे आणि t = 0 ला स्विच बंद होतो. लूपभोवती किरचॉफचा व्होल्टेजचा नियम लावला की हे मिळतं:

```
V = R·i + L·di/dt + vC        i = C·dvC/dt
```

कागदावर A = 0, B = 0 का येतं

vC म्हणजे करंटचं इंटिग्रल. ते घालवण्यासाठी आपण अख्ख्या समीकरणाचा डेरिव्हेटिव्ह घेतो:

```
0 = L·d²i/dt² + R·di/dt + i/C
```

या पायरीवर V नाहीसा झाला. तो स्थिर होता, त्यामुळे त्याचा डेरिव्हेटिव्ह शून्य. सर्किटला बॅटरी जोडली आहे की नाही, हे या समीकरणाला आता माहीतच नाही. ५ व्होल्ट असोत नाहीतर ५०, समीकरण तेच राहतं. मग ही माहिती उत्तरात परत येणार कुठून? फक्त प्रारंभिक अटींमधून. त्या दोन लागतात, i(0+) आणि di/dt(0+).

पहिली अट सोपी. कॉइलमधला करंट क्षणात उडी मारू शकत नाही. स्विच बंद होण्यापूर्वी तो शून्य होता, म्हणून नंतरच्या क्षणीही शून्यच. गडबड दुसऱ्या अटीत होते. "सर, करंट शून्य आहे तर त्याचा डेरिव्हेटिव्ह पण शून्यच ना?" हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. नाही. शून्य ही करंटची त्या क्षणाची किंमत झाली. तो कोणत्या वेगाने वाढू लागला आहे, ते त्या किमतीवरून कळत नाही. ते सांगण्याचं काम लूप समीकरणाचं आहे, आणि त्यासाठी डेरिव्हेटिव्ह घेण्यापूर्वीचं मूळ समीकरण t = 0+ ला वाचायचं:

```
V = R·0 + L·di/dt(0+) + 0
di/dt(0+) = V/L
```

रेझिस्टरवर व्होल्टेज नाही कारण करंट नाही. कपॅसिटरवर नाही कारण तो अजून भरलेला नाही. म्हणजे त्या क्षणी सगळेच्या सगळे ५ व्होल्ट एकट्या कॉइलवर पडतात. आपल्या सर्किटात di/dt(0+) येतो सेकंदाला ५०० अँपिअर. हा आकडा पाहून मुलं घाबरतात आणि कुठेतरी दशांश चिन्ह चुकलं असं समजून खोडतात. खोडू नका. याचा अर्थ दर मायक्रोसेकंदाला अर्धा मिलिअँपिअर एवढाच आहे, आणि हा वेग काही मायक्रोसेकंदच टिकतो.

आता दुसरी अट शून्य धरली तर काय होतं ते पाहा. डावीकडे शून्य असलेलं समीकरण, i शून्य आणि di/dt शून्य. अशा समीकरणाचं एकच उत्तर असतं, कायम शून्य. गणित इथे अगदी खरं सांगतंय: तुम्ही मला बॅटरीबद्दल काहीच सांगितलं नाही, तर करंट वाहणार कशाला? म्हणून दोन्ही स्थिरांक शून्य आले की बीजगणित पुन्हा तपासत बसू नका, थेट दुसऱ्या अटीकडे जा.

बरोबर अटी घातल्या की ओव्हरशूट होणाऱ्या, म्हणजे अंडरडॅम्प्ड सर्किटचं उत्तर असं येतं:

```
i(t) = (V / (L·ωd)) · e^(-α·t) · sin(ωd·t)
α = R/(2L)      ω0² = 1/(L·C)      ωd² = ω0² - α²
```

पडताळणी एका ओळीची आहे. t = 0 ला या सूत्राचा उतार काढा, V/L च आला पाहिजे. R वाढवून सर्किट क्रिटिकल किंवा ओव्हरडॅम्प्ड केलं तरी सुरुवातीचा उतार V/L च राहतो, कारण त्या क्षणी करंट नसल्यामुळे रेझिस्टरला बोलायला वावच नसतो. तिन्ही प्रकारांची सूत्रं वेगळी दिसतात, पण ही एक कसोटी तिन्हींना लागू पडते. आपल्या सर्किटात क्रिटिकल रेझिस्टन्स 2√(L/C) म्हणजे सुमारे ६३२ ओहम आहे. १०० ओहमला आपण त्याच्या बरेच खाली आहोत.

मग शून्य उतार मुलांच्या डोक्यात येतो कुठून?

तो कपॅसिटरच्या व्होल्टेजच्या गणितातून येतो, आणि तिथे तो बरोबर असतो. तेच लूप समीकरण vC मध्ये लिहिलं तर डेरिव्हेटिव्ह घ्यावा लागत नाही, त्यामुळे V उजवीकडे शाबूत राहतो:

```
L·C·d²vC/dt² + R·C·dvC/dt + vC = V
vC(0+) = 0      dvC/dt(0+) = i(0+)/C = 0
```

इथे उतार शून्य आहे, कारण कपॅसिटरच्या व्होल्टेजचा उतार म्हणजे करंट भागिले C, आणि करंट शून्य आहे. वर्गात बहुतेकदा हे रूप आधी शिकवलं जातं आणि त्यातला शून्य करंटच्या गणितात जाऊन बसतो. माझा आग्रह असा की वहीत अटी लिहिताना "उतार शून्य" एवढंच कधी लिहू नये. कशाचा उतार आणि तो कुठल्या समीकरणातून आला, हे शेजारीच लिहावं.

vC च्या रूपातही एक खड्डा आहे. उत्तराचा साचा असा असतो:

```
vC = V + e^(-α·t)·(A·cos ωd·t + B·sin ωd·t)
```

vC(0) शून्य, म्हणून A = -V. मग उतार शून्य आहे म्हणून B पण शून्य, असं लिहून मुलं मोकळी होतात. पण कंसाच्या बाहेर घातांकी पद आहे आणि त्यालाही उतार आहे. उतार शून्य येण्यासाठी -α·A + ωd·B = 0 व्हावं लागतं, म्हणून B = -V·α/ωd. B खाल्ला तर आलेखाला सुरुवातीलाच α·V एवढा उतार मिळतो. त्याला C ने गुणलं की करंट मिळतो. १०० ओहमला α आहे सेकंदाला ५०००, म्हणजे हा करंट होतो २.५ मिलिअँपिअर. t = 0 ला कॉइलमधून अडीच मिलिअँपिअर? कॉइल हे होऊ देत नाही. उत्तराचा आलेख काढा. vC ची सुरुवात आडवी, वाटीच्या तळासारखी झाली पाहिजे. तिथे कोपरा दिसला तर B चुकला आहे.

लॅबमधली तक्रार

आता दुसरी तक्रार. ती एका विद्यार्थिनीच्या वहीतून घेतो, कारण त्यात दोन चुका एकमेकींना झाकत होत्या आणि अशा चुका सगळ्यात जास्त दिवस जिवंत राहतात.

सर्किट वरचंच. तिने कागदावर काढलं होतं: α ५०००, ωd ३१,२२५ रेडियन प्रतिसेकंद, ओव्हरशूट ६० टक्के. म्हणजे vC ८.०२ व्होल्टपर्यंत चढून मग ५ वर स्थिरावायला हवं. सीआरओवर शिखर दिसलं ८.६ व्होल्टला. फरक सात टक्क्यांचा. तिने शेरा लिहिला, "घटकांच्या टॉलरन्समुळे". शेरा पटण्यासारखा होता आणि वही तपासून परतही आली होती.

मी तिला एवढंच विचारलं, "अगं, शिखरानंतरची दरी कितीला होती?" नोंद होती, ३.७ व्होल्ट. तिच्या सूत्राप्रमाणे दरी ३.१७ ला यायला हवी होती. शिखर सूत्रापेक्षा उंच, पण दरी सूत्रापेक्षा उथळ. टॉलरन्समुळे असं एकाच वेळी दोन्हीकडे होत नाही. ओव्हरशूट जास्त म्हणजे डॅम्पिंग कमी, आणि डॅम्पिंग कमी असेल तर दरीही जास्त खोल हवी.

इथे एक गोष्ट फार उपयोगाची आहे. शिखर आणि दरी अंतिम पातळीपासून किती दूर आहेत, ते मोजून त्यांचं गुणोत्तर काढायचं. हे गुणोत्तर फक्त डॅम्पिंगवर अवलंबून असतं, स्टेप किती व्होल्टची आहे यावर नाही. शिखर ५ च्या वर ३.६, दरी ५ च्या खाली १.३. गुणोत्तर ०.३६. कागदावर ते ०.६० होतं. म्हणजे सर्किटात डॅम्पिंग अपेक्षेपेक्षा बरंच जास्त आहे. आणि स्टेपपासून पहिल्या ओव्हरशूटपर्यंतही हेच गुणोत्तर लागतं, म्हणून स्टेप खरोखर ५ व्होल्टची असती तर पहिलं ओव्हरशूट ५ च्या ०.३६ पट, म्हणजे १.८ व्होल्ट आलं असतं. आलंय बरोबर दुप्पट. मग स्टेप १० व्होल्टची आहे.

तशी ती होतीच. तिने फंक्शन जनरेटरवर चौकोनी लाट लावली होती, ऑफसेट शून्य ठेवून. लाट -५ ते +५ अशी झुलत होती. वर जाणारी कड येते तेव्हा कपॅसिटर रिकामा नसतो, मागच्या अर्ध्या आवर्तनात तो -५ व्होल्टवर स्थिरावलेला असतो. आपण t = 0+ ला vC शून्य लिहिलं ते स्विच आणि बॅटरीच्या सर्किटासाठी. चौकोनी लाटेच्या सर्किटात लूप समीकरण असं वाचायचं:

```
5 = R·0 + L·di/dt(0+) + (-5)
di/dt(0+) = 10/L
```

करंटचा सुरुवातीचा उतार दुप्पट, ओव्हरशूटही दुप्पट. सूत्रात V च्या जागी सोर्सचं व्होल्टेज घालायचं नसतं, V - vC(0+) घालायचं असतं. हे कपॅसिटर रिकामा असताना लक्षात येत नाही, कारण तिथे दोन्ही सारखेच असतात. स्टेप जनरेटरच्या पडद्यावरच्या आकड्यावरून ठरवू नका. पुष्कळ जनरेटर ५० ओहमचा लोड आहे असं धरून आकडा दाखवतात, आणि लोड त्याहून बराच मोठा असेल तर प्रत्यक्ष व्होल्टेज त्याच्या दुपटीकडे जातं. सीआरओवर vC खालच्या पातळीला कुठे आडवं होतं आणि वरच्या पातळीला कुठे, ते मोजा. आडवं झालं म्हणजे करंट थांबला, आणि करंट नसेल तर कुठल्याही रेझिस्टन्सवर व्होल्टेज गळत नाही. या दोन पातळ्यांतलं अंतर हीच खरी स्टेप.

जास्तीचं डॅम्पिंग कुठून आलं

लूप समीकरणातला R म्हणजे ब्रेडबोर्डवर खोचलेला रेझिस्टर नव्हे. लूपमधून करंट फिरताना जिथे जिथे ऊर्जा खर्च होते, ते सगळं त्यात येतं. जनरेटरचा स्वतःचा आउटपुट रेझिस्टन्स ५० ओहम. कॉइलच्या तारेचा मल्टीमीटरने मोजला तर ३० ओहम भरला. १००, ५० आणि ३० मिळून १८०. या १८० ने α होतो ९०००, ओव्हरशूट ६० वरून ३९ टक्क्यांवर येतं आणि १० व्होल्टच्या स्टेपला शिखर ८.९ व्होल्टला जातं. आता ८.६ ची वाट दिसू लागली.

उरलेलं मोजमापावरून काढता येतं. शिखर ते दरी वेळ होता १०४ मायक्रोसेकंद:

```
α = ln(3.6/1.3) / 104 µs ≈ 9800 प्रतिसेकंद
R = 2·L·α ≈ 196 ओहम
```

म्हणजे १८० च्या वर आणखी सुमारे १६ ओहम. मल्टीमीटर डीसीवर मोजतो, पण हे सर्किट ५ किलोहर्ट्झच्या आसपास झुलतंय, आणि त्या वारंवारतेला फेराइटच्या गाभ्यातही ऊर्जा गळते. ती गळती लूप समीकरणात थोडा जास्तीचा रेझिस्टन्स म्हणून दिसते. १६ चा आकडा मी फार ताणणार नाही. दरी मोजण्यात पाच शतांश व्होल्ट इकडचे तिकडे झाले तरी R सात-आठ ओहमने हलतो. शिवाय गाभ्याची गळती ही खऱ्या अर्थाने स्थिर रेझिस्टन्स नाही, झुलणं मोठं असताना आणि विझत आल्यावर ती सारखीच राहील असं नाही. तरी दिशा आणि साधारण आकार पटण्यासारखा आहे.

L आणि C वर शंका असेल तर तीही याच मोजमापातून मिटते. १०४ मायक्रोसेकंदावरून ωd येतो ३०,२०० च्या जवळ. त्याच्या वर्गात α चा वर्ग मिळवला की ω0 चा वर्ग मिळतो, आणि C अचूक ०.१ धरला तर L ९.९ मिलिहेन्री येतो. टॉलरन्सचा शेरा ज्यांच्यावर मारला होता, ते दोन्ही घटक जवळपास निर्दोष निघाले. एक लक्षात घ्या. R १०० वरून १८० झाला तरी शिखराची वेळ १०१ वरून १०४ मायक्रोसेकंदांवर, इतकीच सरकते. म्हणून "फ्रीक्वेन्सी जुळली, म्हणजे सर्किट बरोबर" हा निष्कर्ष घाईचा आहे. वेळ L आणि C बद्दल सांगते, R बद्दल फारसं काही सांगत नाही.

जनरेटरचे ५० ओहम खरंच लूपमध्ये आहेत का, असं कुणाला वाटलं तर दुसरा प्रोब जनरेटरच्या टोकांवर लावा. कड आल्यावर ४० मायक्रोसेकंदांच्या सुमारास चौकोनी लाटेच्या माथ्यावर जवळपास १ व्होल्टचा खळगा दिसेल. त्या वेळी लूपमध्ये सुमारे २१ मिलिअँपिअर वाहत असतात आणि ते ५० ओहममधून जाताना एवढं व्होल्टेज आतच गळतं.

तरीही जुळत नसेल तर

लाटेची फ्रीक्वेन्सी बघा. वरचं सगळं गणित कड येण्यापूर्वी सर्किट पूर्ण शांत झालं होतं असं धरून आहे. ५०० हर्ट्झला अर्धं आवर्तन १००० मायक्रोसेकंदांचं असतं आणि आपला वेळ स्थिरांक 1/α सुमारे १०२ मायक्रोसेकंद, त्यामुळे काळजी नाही. पण २ किलोहर्ट्झ लावले तर अर्धं आवर्तन २५० मायक्रोसेकंदांचं, आणि झुलण्याचा सुमारे ९ टक्के भाग शिल्लक असतानाच पुढची कड येऊन धडकते. मग i(0+) शून्य नसतो आणि vC(0+) सपाट पातळीवर नसतं. दोन्ही अटी बदलल्या, म्हणजे उत्तरही बदललं. पडद्यावर हे ओळखायला सोपं आहे. कडेच्या लगेच आधी vC आडवं आहे का ते बघा. तिरकं असेल तर लाट संथ करा.

आणि vC वर काहीच झुलताना दिसत नसेल, नुसती चौकोनी लाट किंवा सपाट रेष येत असेल, तर सीआरओच्या ग्राउंड क्लिपकडे बघा. बहुतेक लॅबमध्ये जनरेटर आणि सीआरओ या दोघांचे ग्राउंड अर्थिंगमधून आतून जोडलेले असतात. क्लिप सर्किटाच्या मध्ये लावली की तिच्यापासून जनरेटरच्या ग्राउंडपर्यंतचे सगळे घटक शॉर्ट होतात. रेझिस्टर आणि कॉइलच्या मधल्या सांध्यावर क्लिप लागली, तर लूपमध्ये उरतो फक्त रेझिस्टर, आणि ट्रान्झिएंट कसला, ओहमचा नियम दिसत राहतो. vC बघायचं असेल तर कपॅसिटर ग्राउंडच्या बाजूला ठेवा. करंट बघायचा असेल तर रेझिस्टरशी जागा बदला. लूप समीकरणाला क्रमाने फरक पडत नाही, तेव्हा तीन घटकांतला कुठलाही शेवटी आला तरी गणित तेच राहतं.

त्या विद्यार्थिनीने नंतर ऑफसेट देऊन लाट ० ते ५ केली आणि R च्या जागी १९६ घालून पुन्हा गणित केलं. शिखर ६.८ व्होल्ट यायला हवं होतं आणि दरी ४.३५. पडद्यावर ६.८ आणि ४.३५ च्या आसपासच आलं. वहीतला टॉलरन्सचा शेरा खोडून तिने तिथे दोन ओळी लिहिल्या: vC(0+) कुठून सुरू झालं ते, आणि R मध्ये काय काय धरलं ते.